नवीन फोनवर जुने चॅट येईनात: व्हॉट्सॲपचा बॅकअप नेमका कुठे अडकतो?

नवीन फोन घेतला, व्हॉट्सॲप टाकलं, नंबर घातला, ओटीपी आला. आणि मग पडद्यावरचा आकडा एका टक्क्यावर येऊन जो थांबला तो हलेचना. किंवा बॅकअप सापडलाच नाही असं सांगून ॲप मोकळं झालं. अशा वेळी बहुतेक जण घाईघाईने ॲप काढून पुन्हा टाकतात, तेही जमलं नाही की Skip दाबतात आणि ‘बघू नंतर’ म्हणतात. यातलं ‘बघू नंतर’ हेच सगळ्यात महागात पडतं, कारण ॲप जुने चॅट परत आणण्याबद्दल फक्त एकदाच विचारतं: नंबरची खात्री झाल्या झाल्या. ती वेळ गेली की आतल्या कुठल्याही सेटिंगमध्ये ‘आता आणा’ असं बटण नसतं.

हा लेख एका अँड्रॉइड फोनवरून दुसऱ्या अँड्रॉइड फोनवर जाणाऱ्यांसाठी आहे. आयफोनची गोष्ट वेगळी, तिच्याबद्दल पुढे थोडंसं येईल.

चॅट मुळात असतात कुठे

ईमेल कुठल्याही फोनवर उघडला तरी तोच दिसतो, कारण तो कंपनीच्या सर्व्हरवर राहतो. व्हॉट्सॲपचं तसं नाही. निरोप पोचला की सर्व्हरवरून जातो. इतिहास राहतो तो तुमच्या फोनमध्ये, एका डेटाबेस फाइलमध्ये. म्हणून नवीन फोनवर नंबर टाकला म्हणजे चॅट आपोआप येतात, ही समजूत चुकीची आहे. ते कुठून तरी आणावे लागतात, आणि आणायच्या जागा तीनच: गूगल खात्यातला बॅकअप, जुन्या फोनच्या मेमरीतला बॅकअप, आणि खुद्द जुना फोन.

गूगल खात्यातला बॅकअप सगळ्यांना माहीत असतो. दुसरा बहुतेकांना ठाऊक नसतो. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज पहाटे 2 च्या सुमारास फोनच्याच मेमरीत डेटाबेसची एक कुलूपबंद प्रत करून ठेवतं आणि मागच्या साधारण 7 दिवसांच्या प्रती जपतं. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, गूगल खातं लागत नाही, कोणी काही चालू करावं लागत नाही. जुना फोन हातात असेल तर गूगलवरचा बॅकअप बिघडला तरी सगळं संपलेलं नसतं, ते या प्रतीमुळे.

आणि ‘कुलूपबंद’ म्हणजे काय तेही इथेच पाहू, कारण पुढच्या अर्ध्या अडचणी त्यातूनच येतात. बॅकअपची फाइल नुसती उघडता येत नाही. ती उघडण्याची किल्ली तुमच्या फोन नंबरशी बांधलेली असते आणि नंबरची खात्री पटल्यावरच सर्व्हर ती नवीन फोनला देतो. त्यामुळे नंबर बदलला असेल तर फाइल डोळ्यांसमोर असूनही उघडत नाही. नंबर बदलायचाच असेल तर आधी जुन्या फोनवर सेटिंगमधलं Change number वापरायचं, मग नव्या नंबरावर बॅकअप घ्यायचा, आणि त्यानंतर फोन बदलायचा. हा क्रम उलटा झाला की गोंधळ ठरलेला.

‘बॅकअप सापडला नाही’ असं आलं तर

या संदेशाचं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं: चुकीचं गूगल खातं. कित्येकांच्या फोनवर दोन-दोन खाती असतात, एक फार पूर्वी कोणीतरी काढून दिलेलं आणि एक स्वतःचं. बॅकअप पहिल्यात जात असतो आणि नवीन फोन सुरू करताना फक्त दुसरं घातलेलं असतं. व्हॉट्सॲप नवीन फोनवर असलेल्या खात्यांतच शोधतं; जे खातं फोनवर नाही, तिथला बॅकअप त्याला दिसणारच नाही.

कुठलं खातं हे अंदाजाने ठरवू नका. जुना फोन चालू असेल आणि त्यावर व्हॉट्सॲप अजून उघडत असेल, तर Settings, मग Chats, मग Chat backup इथे जा. तिथे खात्याचा पत्ता लिहिलेला असतो. त्याच पानावर आणखी दोन गोष्टी टिपून घ्या: फोनमधला शेवटचा बॅकअप कधीचा आणि गूगलवरचा कधीचा. या दोन तारखा वेगवेगळ्या असू शकतात, आणि असतील तर तो फार मोठा धागा आहे.

जुना फोन बंद पडला असेल तर संगणकावरून प्रत्येक गूगल खात्यात शिरून हा पत्ता उघडून पाहा:

```
drive.google.com/drive/backups
```

ज्या खात्यात बॅकअप असेल तिथे व्हॉट्सॲपची नोंद दिसेल. बॅकअप उघडून आतले चॅट मात्र इथे वाचता येत नाहीत. तो आहे की नाही आणि कधीचा आहे, एवढंच कळतं. खातं सापडलं की ते नवीन फोनच्या सेटिंगमध्ये जोडा, व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाका आणि नंबर घाला.

इथे एक धोक्याची सूचना. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲपची यादी असते, आणि व्हॉट्सॲपच्या पुढे लपलेला डेटा पुसायचा पर्याय असतो. ‘अडकलंय, साफ करून बघू’ या विचाराने तो दाबू नका. तो लपलेला डेटा म्हणजेच तुमचा बॅकअप.

कुठल्याच खात्यात नोंद नसेल तर? गूगलवरचा बॅकअप 5 महिन्यांहून जास्त काळ ताजा झाला नाही तर तो आपोआप पुसला जाऊ शकतो. वर्षभर कपाटात पडून राहिलेल्या फोनचा बॅकअप म्हणूनच कधीकधी गायब सापडतो. मग उरतो तो फोनच्या मेमरीतला.

आकडा हलत नसेल तर

आधी हे बघा की अडकलंय काय: निरोप की फोटो-व्हिडिओ? चॅट परत येतात ते दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात निरोपांचा डेटाबेस येतो. तो झाला की तुमचं नाव विचारलं जातं आणि चॅटची यादी दिसू लागते. फोटो, व्हिडिओ, व्हॉइस नोट हे त्यानंतर मागे मागे उतरत राहतात, आणि त्यांची प्रगती सूचनापट्टीवर वेगळी दिसते.

चॅट दिसताहेत पण फोटोंच्या जागी धूसर चौकोन आहेत आणि आकडा थांबलाय, तर तुमचे निरोप सुखरूप आले आहेत. हे काम फोटोंचं आहे, आणि बॅकअप काही जीबींचा असेल तर त्याला तास लागतात, कधी रात्रही. फोन चार्जरला लावा, वाय-फाय चालू ठेवा, बॅटरी सेव्हर बंद करा. सूचनापट्टी नीट वाचा: बऱ्याचदा तिथे वाय-फायची वाट पाहत असल्याचं लिहिलेलं असतं, आणि आपण मोबाइल डेटावर बसून आकड्याकडे टक लावून असतो. या टप्प्यावर ॲप काढून टाकणं म्हणजे उतरलेलं सगळं फेकून पहिल्यापासून सुरू करणं.

पहिल्याच टप्प्यात अडकलं असेल तर मात्र कारण शोधावं लागतं. या टप्प्याचेही दोन भाग आहेत, ते पडद्यावर नीट वेगळे दिसत नाहीत. आधी फाइल उतरते, मग फोन ती उघडून डेटाबेस उभा करतो. फाइल उतरत असताना नेट वापरलं जातं. वरच्या पट्टीवर नेटचा वेग दाखवायची सोय असेल तर ती चालू करा, आकडे हलताना दिसतील. डेटाबेस उभा करताना नेट जवळजवळ वापरलंच जात नाही, फोन थोडा तापतो, आणि बरीच वर्षं जुने चॅट असतील तर आकडा एका जागी बराच वेळ थांबलेला दिसतो. म्हणजे नेट शांत, फोन कोमट आणि आकडा स्थिर, असं असेल तर फोनला काम करू द्या. पडदा चालू ठेवा, दुसऱ्या ॲपमध्ये जाऊ नका, आणि अर्धा-पाऊण तास तरी हात लावू नका.

नेटही शांत आणि फोनही थंड, तर ते खरंच अडकलंय. अशा वेळी मी सगळ्यात आधी मोकळी जागा बघतो. उतरलेली फाइल आणि तिच्यातून उघडलेला डेटाबेस या दोघांना काही काळ फोनमध्ये एकदमच राहावं लागतं. त्यामुळे बॅकअप जेवढा, नेमकी तेवढीच जागा मोकळी असून भागत नाही. चांगली ऐसपैस ठेवा. नवीन फोनमध्ये जागेची काय कमी, असं वाटतं खरं, पण फोन सुरू करतानाच जुन्या फोनमधले सगळे ॲप आणि फोटो ओढून घेतले असतील तर तो पहिल्या दिवशीच निम्मा भरलेला असतो. त्यातून ते ॲप अजून मागे उतरतच असतात आणि नेटही खात असतात. प्ले स्टोअरमधले बाकीचे डाउनलोड थांबवले तरी पुष्कळदा व्हॉट्सॲपचा आकडा पुढे सरकतो.

जागा ठीक असेल तर वाय-फाय बदलून बघा आणि व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. प्ले स्टोअरमधून व्हॉट्सॲप आणि Google Play services दोन्ही ताजे करा. हे दुसरं विसरू नका: गूगल खात्यातून फाइल आणायचं काम त्याच्याच मदतीने होतं. मग ॲप सक्तीने बंद करून पुन्हा उघडा. एवढं करूनही चालत नसेल तरच ॲप काढून पुन्हा टाका. ही पायरी मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण दर वेळी नवा ओटीपी मागावा लागतो, आणि थोड्या वेळात अनेकदा मागितला की व्हॉट्सॲप पुढचा कोड देण्याआधी थांबायला लावतं. ही थांबण्याची वेळ दर खेपेला वाढत जाते, आणि घाईचा परिणाम उलटाच होतो.

Skip चुकून दाबलंच असेल तर नुकसान लगेच होत नाही. ते होतं नवा बॅकअप गेल्यावर, कारण त्याच खात्यात त्याच नंबराचा नवा बॅकअप गेला की तो जुन्यावर बसतो आणि जुना परत मिळत नाही. रिकाम्या चॅटचा बॅकअप वर्षांच्या चॅटवर बसू नये म्हणून आधी Chat backup मध्ये जाऊन आपोआप होणारा बॅकअप बंद करा, मग ॲप काढा, पुन्हा टाका आणि या वेळी Restore दाबा. मधल्या काळात आलेले निरोप मात्र जातील. जुनं आणि नवं एकत्र करायची सोय व्हॉट्सॲपमध्ये नाही. त्यात काही महत्त्वाचं असेल तर ॲप काढण्याआधी त्या चॅटच्या मेन्यूतलं Export chat वापरून ते मजकुराच्या फाइलमध्ये स्वतःला ईमेल करा.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा मावशीचा फोन बदलायचा आहे. तिच्याकडे नवीन फोन आलाय, जुनाही चालू स्थितीत आहे. भाच्याने नवीन फोनवर व्हॉट्सॲप टाकलं, बॅकअप सापडला, Restore दाबलं, सगळं सुरळीत झालं. संध्याकाळी मावशी म्हणते, ‘अरे, यात दिवाळीनंतरचं काहीच नाही.’ आणि आता फेब्रुवारी चालू आहे.

इथे काहीच अडकलेलं नाही, चुकीचा संदेश आलेला नाही, तरी तीन महिने गायब आहेत. असं का होतं ते समजायला जरा मागे जावं लागेल. पूर्वी अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप गूगलच्या फुकट 15 जीबीत मोजला जात नसे. 2024 मध्ये ते बदललं. तेव्हापासून बॅकअप, ईमेल, फोटो आणि ड्राइव्हमधल्या फाइली सगळे त्याच 15 जीबीत राहतात. मावशीचा बॅकअप 9 जीबी, त्यात बहुतेक सगळे सुप्रभातचे फोटो आणि फॉरवर्ड केलेले व्हिडिओ. उरलेली जागा तिच्या फोटोंनी भरली. दिवाळीच्या आसपास खातं काठोकाठ भरलं आणि बॅकअप थांबला. जुन्या फोनने तशी सूचना दिलीही असेल, पण अशा सूचना बाजूला सारायची आपल्याला सवय असते. गूगलवर राहिला तो थांबण्याआधीचा शेवटचा बॅकअप, आणि Restore ने इमानदारीत तोच आणून दिला.

भाचा हुशार असेल तर तो पडद्यावर बॅकअपची तारीख आधीच बघेल. Restore बटणाच्या जवळ बॅकअप कधीचा आणि केवढा, ते लिहिलेलं असतं. ती तारीख कालची किंवा आजची नसेल तर तिथेच थांबायचं. पण इथे तर काम होऊन गेलंय. आता काय?

जुना फोन चालू आहे आणि त्याला कोणी हात लावलेला नाही, ही मोठी जमेची बाजू. नवीन फोनवर नंबर चालू झाला तेव्हा जुन्या फोनवरचं व्हॉट्सॲप खात्यातून बाहेर पडलं, पण त्यातला डेटा ॲपबरोबर तिथेच असतो. भाच्याने आधी नवीन फोनवरचा आपोआप बॅकअप बंद केला. मग जुन्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून तोच नंबर पुन्हा घातला आणि ओटीपी दिला. सहसा असं केल्यावर जुने चॅट जसेच्या तसे समोर येतात, कारण ते त्याच फोनमध्ये आहेत. आले. फेब्रुवारीपर्यंतचं सगळं आहे.

आता दोन रस्ते. एक म्हणजे गूगल खात्यात जागा करून नवा बॅकअप पाठवायचा. Chat backup मध्ये Include videos बंद केलं की आकार बराच उतरतो, आणि Settings मधल्या Storage and data इथल्या Manage storage मध्ये मोठे व्हिडिओ आकारानुसार पुसता येतात. पण मावशीला व्हिडिओही हवे आहेत, आणि 9 जीबी चढवून पुन्हा उतरवण्यात अख्खा दिवस जाईल.

म्हणून भाच्याने दुसरा रस्ता धरला, आणि दोन्ही फोन हातात असतील तर मीही हाच सुचवीन. 2023 पासून व्हॉट्सॲपमध्ये जुन्या फोनमधून नव्यात थेट चॅट पाठवायची सोय आहे. गूगल खातं मध्ये येतच नाही. जुन्या फोनवर Settings, Chats, Transfer chats. नवीन फोनवरचं ॲप काढून पुन्हा टाकायचं, कारण ही सोयही नंबरची खात्री होतानाच मिळते. नंबर घातल्यावर जुन्या फोनवरून चॅट आणण्याचा पर्याय घेतला की नवीन फोनच्या पडद्यावर क्यूआर कोड येतो. तो जुन्या फोनने स्कॅन करायचा. दोन्ही फोनचं वाय-फाय चालू हवं, आणि लोकेशन व जवळची उपकरणं शोधायची परवानगी मागितली तर द्यायची. नाही दिली तर दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवूनही एकमेकांना सापडत नाहीत, आणि या रस्त्यावर अडकण्याचं नेहमीचं कारण तेच असतं. काम होईपर्यंत दोन्ही फोन चार्जरला आणि दोघांचेही पडदे चालू ठेवायचे.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत नवीन फोनवर आलेले चार निरोप यात गेले. मावशीने ते आधीच वाचले होते.

पासवर्ड मागतोय, पण कुठला?

ही अडचण वेगळी आहे आणि इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण व्हॉट्सॲपमध्ये दोन वेगळी कुलपं आहेत आणि दोन्ही फोन बदलतानाच समोर येतात.

एक, 6 आकडी पिन. हा खात्याचा, तुमचा नंबर दुसऱ्या कोणी चालू करू नये यासाठी. विसरलात आणि ईमेलही जोडलेला नसेल तर 7 दिवस थांबावं लागतं, पण पुढे खातं मिळतं.

दुसरा, बॅकअपचा. 2021 च्या शेवटापासून बॅकअपला वेगळं कुलूप घालायची सोय आहे. त्यासाठी एकतर स्वतः ठरवलेला पासवर्ड असतो, नाहीतर 64 अक्षरा-अंकांची एक लांबलचक किल्ली. हल्ली पासकी वापरूनही, म्हणजे बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या लॉकने, ते कुलूप लावता येतं. हे चालू असेल तर बॅकअपची किल्ली व्हॉट्सॲपकडे नसते आणि गूगलकडेही नसते. पासवर्ड विसरलात आणि जुना फोनही नाही, तर तो बॅकअप उघडता येत नाही. मदत केंद्राला लिहून, पैसे मोजून, कोणाला तरी फोन देऊन, कशानेही नाही. ‘पासवर्डशिवाय उघडून देतो’ म्हणणारी सॉफ्टवेअर इंटरनेटवर भरपूर आहेत, त्यांच्यात वेळ आणि पैसा घालवू नका.

इथे अंदाजाने पासवर्ड टाकत बसणंही धोक्याचं आहे. चुकीचे प्रयत्न फार झाले तर ती किल्ली कायमची बंद होते. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, हे लक्षात ठेवून शांतपणे प्रयत्न करा.

जुना फोन हातात असेल आणि त्यावर व्हॉट्सॲप चालत असेल तर मात्र सुटका आहे. Chat backup मध्ये End-to-end encrypted backup इथे जाऊन पासवर्ड विसरल्याचा पर्याय घ्या. फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने ओळख पटवून नवा पासवर्ड ठेवता येतो किंवा हे कुलूप बंदही करता येतं. मग नवा बॅकअप घ्यायचा आणि तो परत आणायचा.

गूगलवर काहीच नसेल तर फोनमधली प्रत

जुन्या फोनचं ॲप काढण्याआधी, फॅक्टरी रीसेट करण्याआधी, त्याच्या मेमरीतलं हे फोल्डर संगणकावर उतरवून घ्या:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp
```

अगदी जुन्या फोनमध्ये ते मेमरीच्या पहिल्याच पातळीवर नुसतं `WhatsApp` नावाने असतं. आत `Databases` म्हणून फोल्डर आहे, निरोप त्यात. `Media` मध्ये फोटो आणि व्हिडिओ. अख्खं फोल्डर घ्या, निवडत बसू नका.

`Databases` मध्ये सगळ्यात ताजी प्रत `msgstore.db.crypt14` किंवा `msgstore.db.crypt15` अशा नावाने असते, आणि मागच्या दिवसांच्या प्रतींच्या नावात तारीख असते. नवीन फोनवर व्हॉट्सॲप टाकलेलं असेल तर काढा, उतरवलेलं फोल्डर त्याच जागी ठेवा, मग ॲप टाका. नंबर तोच घाला. फाइली पाहण्याची परवानगी मागितली तर द्या. नाही म्हटलंत तर फाइल जागेवर असूनही ॲपला दिसत नाही, आणि मग पुन्हा तेच ‘सापडला नाही’. गूगल खात्यातही जुनाट बॅकअप असेल तर ॲप तो पुढे करतं. अशा वेळी ते खातं नवीन फोनवर तात्पुरतं जोडूच नका, म्हणजे ॲप फोनमधल्या प्रतीकडे वळतं. ती किती निरोपांची आणि कधीची, हे इथेही Restore च्या आधी दिसतं.

ताजी प्रत बिघडलेली निघाली तर आदल्या दिवशीची वापरता येते. तिचं नाव बदलून तारीख काढायची, एवढंच:

```
msgstore-2025-02-10.1.db.crypt14
msgstore.db.crypt14
```

पहिलं नाव आधीचं, दुसरं बदललेलं. शेवटचा crypt नंतरचा आकडा जो आहे तोच ठेवायचा. 14 चं 15 केलंत तर फाइल उघडत नाही. नाव बदलण्याआधी मूळ प्रत बाजूला ठेवा. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावलेला असेल तर तो या प्रतीलाही लागतो, तेव्हा पासवर्ड चुकवायची वाट म्हणून इकडे येऊ नका.

दोन प्रकारचे लोक इथे अडतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. आयफोनला गूगल खात्यातला व्हॉट्सॲप बॅकअप वाचता येत नाही आणि अँड्रॉइडला आयक्लाउडचा. एकीकडून दुसरीकडे जाताना थेट फोन ते फोन असाच रस्ता आहे, आणि त्यासाठी जुना फोन चालू लागतो. आणि ज्यांनी मूळ व्हॉट्सॲपऐवजी इंटरनेटवरून उतरवलेली जादा सोयींची नक्कल वापरली, त्यांचे चॅट मूळ ॲपमध्ये येतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. त्यातले महत्त्वाचे चॅट जुन्या फोनवरूनच Export chat करून काढून घ्या.

सगळं आलं असं वाटलं तरी जुना फोन लगेच पुसू नका. नवीन फोनवर एखादा तीन-चार वर्षांपूर्वीचा निरोप शोधून पाहा, मग कालचा पाहा, मग एखादा जुना फोटो उघडून पाहा. फोटो स्पष्ट उघडला पाहिजे, धूसर नको. सूचनापट्टीवरचं फोटो उतरवण्याचं काम संपलंय का ते बघा. मग Chat backup मध्ये जाऊन खातं बरोबर आहे का पाहा, हाताने एक नवा बॅकअप घ्या, आणि गूगलवरची तारीख आजची दिसली की जुना फोन रीसेट करा.